चार्जर लावलेला, तरी टक्के उतरताहेत: ऊन, थंडी आणि फोनची बॅटरी

मार्च सरला की कोल्हापुरात मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर एक तक्रार ठरलेली असते. दुपारी फोन चार्जिंगला लावला तर तो ८० टक्क्यांवर अडून बसतो. गाडीच्या हँडलवर लावून चार्जर जोडला तर टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात. ऑक्टोबरनंतर दुसरी तक्रार येते, ती मनाली, लेह किंवा केदारनाथ करून आलेल्यांची: चाळीस टक्के दाखवत होता आणि फोटो काढताना फोन एकदम बंदच पडला.

दोन्ही वेळा लोक बॅटरी बदलून घेतात, आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते. दोन्ही तक्रारींचं मूळ तापमानातच आहे, पण कारणं एकमेकांच्या उलट आहेत. उन्हात टक्क्यांचा आकडा साधारण खरा असतो, फक्त फोन चार्ज घ्यायला नकार देत असतो. थंडीत बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, पण तो बाहेर येत नाही. त्यामुळे एकीवरचा उपाय दुसरीला चालत नाही.

आधी एक गोष्ट वगळून टाका

फोन रात्री पंख्याखाली, गार खोलीतसुद्धा ८० वरच थांबतो का? थांबत असेल तर तो उन्हाचा प्रश्न नाही. अलीकडच्या बहुतेक फोनमध्ये बॅटरी जपण्यासाठी ८० टक्क्यांची मर्यादा घालायची सेटिंग असते. काही फोन रात्रभर ८० वर थांबतात आणि तुमच्या उठायच्या वेळेच्या सुमारास उरलेलं भरतात. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर ही मर्यादा सुरू आहे का ते पाहा. घरात कुणीतरी 'बॅटरी टिकते म्हणे' म्हणून ती सुरू केलेली असते आणि विसरून गेलेलं असतं.

रात्री १०० होतो आणि दुपारीच अडतो, तर मग पुढचं वाचा.

बॅटरीचं तापमान किती, ते आकड्यात बघा

हाताला गरम लागतो म्हणजे किती गरम, हे सांगता येत नाही. मागची बाजू काचेची असेल तर फोन लवकर चटका देतो, जाड सिलिकॉन कव्हर असेल तर आत ४५ अंश झाले तरी बाहेर कळत नाही. बॅटरीच्या पॅकमध्ये तापमान मोजणारा एक छोटा सेन्सर असतो, त्याचं वाचन बघायचं. काही अँड्रॉइड फोनमध्ये डायल पॅडवर `*#*#4636#*#*` टाकलं की बॅटरीच्या माहितीचं पान उघडतं. बऱ्याच नव्या फोनमध्ये ते पान काढून टाकलेलं असतं. मग बॅटरीचं तापमान दाखवणारं एखादं साधं अ‍ॅप चालतं, किंवा लॅपटॉपला जोडून हा आदेश द्यायचा (फोनमध्ये USB debugging सुरू हवं):

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात बऱ्याच ओळी येतात. त्यातल्या कामाच्या एवढ्याच:

```
status: 4
level: 80
voltage: 4087
temperature: 436
```

तापमान अंशाच्या दहाव्या भागात असतं, म्हणजे ४३६ म्हणजे ४३.६ अंश सेल्सिअस. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे ४.०८७ व्होल्ट. सगळ्यात महत्त्वाचा आकडा पहिला: २ म्हणजे चार्ज होतोय, ३ म्हणजे बॅटरी खर्च होतेय, ५ म्हणजे भरली. आणि ४ म्हणजे वायर जोडलेली आहे, करंट उपलब्ध आहे, पण फोन तो बॅटरीत घेत नाही. वरच्या उदाहरणात नेमकं तेच चाललंय. चार्जर, केबल, पिन सगळं ठीक आहे. नवा चार्जर आणून पैसे घालवू नका.

आयफोनमध्ये ही यातायात नाही. तापला की तो स्वतःच Charging On Hold अशी सूचना देतो आणि गार झाला की आपोआप पुन्हा चार्जिंग सुरू करतो.

फोन असा का अडतो

लिथियम आयन पेशी ० ते ४५ अंशांच्या दरम्यान चार्ज करायची, हा सर्वसाधारण नियम आहे. फोन कंपन्या आपापली रेषा थोडी अलीकडे-पलीकडे ओढतात. बहुतेक फोन चाळिशी ओलांडली की करंट कमी करायला लागतात, आणि पन्नाशीच्या आसपास चार्जिंग पूर्ण बंद करतात.

पण मग नेमका ८० वरच का अडतो, ५० वर का नाही? पेशी जितकी भरलेली, तितकं तिचं व्होल्टेज वर. आतल्या रसायनाला उष्णता सोसते आणि वरचं व्होल्टेजही सोसतं, पण दोन्ही एकदम आलं की आतला द्रव विघटित व्हायला लागतो. त्यातून वायू तयार होतो आणि पुढे बॅटरी फुगते. म्हणून गरम असताना फोन खालचे टक्के हळूहळू का होईना भरू देतो आणि वरचे २० रोखून धरतो. ही सोय उलट्या टोकाने बघा: भर उन्हात १०० टक्के भरलेला फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं हे ५० टक्क्यांचा फोन ठेवण्यापेक्षा जास्त वाईट. बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी डॅशबोर्ड ६० अंशांच्या पुढे सहज जातो.

हँडलवरचा फोन: कोल्हापूर ते पुणे, हिशेबासकट

'चार्जर चालू आहे तरी टक्के उतरतात' ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते. डिलिव्हरीवाली पोरं, रिक्षावाले आणि दुचाकीवरून हायवेने जाणारे.

समजा फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे. सरासरी ३.८५ व्होल्ट धरले तर आत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. कावळा नाक्यावरून अकरा वाजता निघालात, फोन ६४ टक्के, गाडीच्या हँडलवरच्या पारदर्शक पाऊचमध्ये, पावसाळ्यात घेतलेल्या त्याच. गाडीवरच्या चार्जरवर ५ व्होल्ट २ अँपिअर छापलंय, म्हणजे १० वॉट. कागदावर फोन भरायलाच हवा.

आता खर्च बघा. उन्हात दिसावा म्हणून स्क्रीन पूर्ण उजेडात, नकाशा सुरू, जीपीएस सुरू, डेटा सुरू, कानात ब्लूटूथ. हे सगळं मिळून ४ वॉटच्या आसपास खातं, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊनच बाहेर पडतो. वरून ऊन थेट काळ्या स्क्रीनवर, आणि पाऊचमुळे हवा लागत नाही. त्यामुळे थोड्याच वेळात बॅटरी ४४ अंशांवर जाते. आता फोन चार्जरकडून १० वॉट मागतच नाही. करंट अर्ध्या अँपिअरवर आणतो, म्हणजे अडीच वॉट. ४ खर्च, अडीच जमा, तासाला दीड वॉट-तासाची तूट. १९ पैकी दीड म्हणजे ताशी ८ टक्के. पाच तासांच्या प्रवासात ४० टक्के गेले. पुण्यात पोचाल तेव्हा स्क्रीनवर २४, आणि चार्जिंगचं चिन्ह अजून तसंच लुकलुकतंय. आकडा खोटं बोलत नाही, ते चिन्ह दिशाभूल करतं. त्याचा अर्थ एवढाच की वायर जोडलेली आहे.

वाटेत आणखी एक गोष्ट घडते. फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते. उन्हात नकाशा दिसेना झाला की माणूस हाताने उजेड पुन्हा वर ओढतो. मग खर्च वाढतो, फोन अजून तापतो आणि करंट अजून कमी होतो. हे चक्र उजेडाच्या बाजूनेच तोडावं लागतं.

जास्त ताकदीचा चार्जर लावून काही होत नाही, कारण अडचण पुरवठ्याची नाहीच. करायचं ते असं. निघायच्या आधी, सकाळी गारव्यात फोन भरून घ्या. जायच्या रस्त्याचा नकाशा घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. रेंज कमी असलेल्या टप्प्यात फोन टॉवर शोधत जोरात सिग्नल फेकतो, आणि त्याचीच उष्णता लक्षणीय असते. रस्ता सरळ असेल तिथे स्क्रीन लॉक करून फक्त आवाजावर चला; कोल्हापूर-पुणे हायवेवर दर मिनिटाला नकाशा बघायचं काही कारण नाही. पाऊस नसेल तर पाऊच काढा, मागचं कव्हरही काढा, म्हणजे धावत्या गाडीची हवा थेट फोनला लागते. आणि फोन ४३-४४ वर गेला असेल तर चार्जरच काढून टाका. विचित्र वाटेल, पण चार्जिंगची स्वतःची उष्णता कमी झाली की फोन लवकर खाली येतो.

कराडला चहाला थांबलात तर फोन सावलीत टेबलावर पालथा ठेवा, स्क्रीन बंद. दहा मिनिटांत तो ३७-३८ वर येतो. त्यानंतर हॉटेलच्या सॉकेटला १० वॉटचा अ‍ॅडाप्टर लावलात तर वाटेत वाया जाणारं धरूनही साडेआठ वॉट आत जातात, म्हणजे २० मिनिटांत सुमारे १५ टक्के. दोन तासांच्या उन्हात जे गेलं, ते अर्ध्या तासाच्या थांब्यात परत.

चार्जिंग तापमानाने थांबलंय की केबल ढिली आहे, हे ओळखायची खूण सोपी आहे. तापलेला फोन मुकाट्याने करंट कमी करतो. केबल ढिली असेल तर खड्ड्यागणिक चार्जिंग लागल्याचा आवाज येतो आणि जातो. दुचाकीच्या हादऱ्याने पिन लवकर सैल होते, तो वेगळा आजार आणि त्याचा उपायही वेगळा.

गारवा द्यायचा, पण कसा

पंख्याखाली ठेवा, फरशीवर ठेवा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करत असाल तर भट्टीच्या बाजूच्या फळीवर फोन चार्जिंगला लावू नका, ऑफिसच्या बाजूचा प्लग वापरा. गुऱ्हाळावर चुलवणाजवळच्या खांबाला लोंबकळणारा चार्जर हीसुद्धा तीच भानगड. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्ज करण्यापेक्षा रात्री करा. वायरलेस चार्जर उन्हाळ्यात बाजूला ठेवलेला बरा. त्यात ऊर्जा जास्त वाया जाते आणि ती उष्णता थेट फोनच्या पाठीला मिळते.

फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. फोन बाहेर काढल्यावर कोल्हापूरच्या दमट हवेतलं पाणी त्याच्यावर आणि आतल्या गार भागांवर साचतं. बॅटरी वाचवायच्या नादात बोर्ड जातो. ओल्या फडक्यात गुंडाळणंही तसंच.

थंडीत काय होतं

कोल्हापूरच्या थंडीला उगाच दोष देऊ नका. इथला पारा डिसेंबर-जानेवारीत बारा-पंधराच्या आसपास रेंगाळतो, आणि धडधाकट बॅटरीला त्याने काही होत नाही. पन्हाळ्यावर पहाटे फोन ३० टक्क्यांवर बंद पडला तर थंडीने फक्त म्हाताऱ्या बॅटरीचं वय उघडं पाडलं असं समजा. खरी अडचण शून्याच्या आसपास येते, म्हणजे हिमालयात.

टक्के कसे मोजले जातात ते इथे कळायला हवं. बॅटरीत टाकीसारखा काटा नसतो. फोनमधली एक चिप आत-बाहेर गेलेल्या करंटची बेरीज-वजाबाकी ठेवते, आणि फोन शांत असेल तेव्हा व्होल्टेज बघून ती वही दुरुस्त करते. अडचण अशी की २० ते ६० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जेमतेम हलतं. त्या पट्ट्यात व्होल्टेज किंचित चुकलं की टक्के दहा-पंधराने चुकतात.

थंडीत पेशीतल्या आयनांची हालचाल मंदावते. थंडीत काकवी बरणीत असते पण ओतायला गेलं तर येत नाही, तसं. विजेच्या भाषेत आतला रोध वाढतो. केदारनाथला (उंची सुमारे ३५८० मीटर) पहाटे चारच्या रांगेत उभे आहात आणि फोन ३८ टक्के दाखवतोय असं धरा. शांत असताना पेशीचं व्होल्टेज ३.८० आहे. २५ अंशांना आतला रोध ०.१२ ओहम होता, शून्याजवळ तो ०.३५ झाला. कॅमेरा उघडला, फ्लॅश पडला, क्षणभर १.८ अँपिअर ओढले गेले. घरी असता तर व्होल्टेज १.८ गुणिले ०.१२, म्हणजे ०.२२ ने उतरून ३.५८ झालं असतं, आणि काही बिघडलं नसतं. इथे ते ०.६३ ने उतरून ३.१७ वर गेलं. फोनची किमान रेषा ३.३ च्या आसपास असेल, तर त्याला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. हे आकडे उदाहरणासाठी धरलेत, प्रत्येक फोनचे वेगळे असतात, पण घडतं ते हेच. तो ३८ टक्के चार्ज अजून आतच आहे. खिशात ऊब मिळाली की फोन पुन्हा सुरू होतो आणि तीसएक टक्के दाखवतो. लोकांना तो चमत्कार वाटतो.

म्हणून थंडीत फोन आणि पॉवर बँक दोन्ही स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. पॉवर बँकेतही तीच पेशी असते, ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली तर ऐन वेळी तीही दगा देते. फ्लॅश बंद, उजेड कमी, म्हणजे एकदम मोठा करंट ओढला जात नाही. फोन बंद पडला तर लगेच पुन्हापुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका, कारण सुरू होतानाच सगळ्यात मोठा झटका बसतो. दहा-पंधरा मिनिटं काखेत धरा, मग सुरू करा.

चार्जिंगच्या बाबतीत थंडी उन्हापेक्षा जास्त घातक आहे. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या थराने साचतं. तेवढी क्षमता कायमची जाते, आणि तो थर पुढे आतल्या आत शॉर्ट करू शकतो. चांगला फोन अशा वेळी चार्ज घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे. बाहेरून तंबूत किंवा हॉटेलात आलात तर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून अर्धा तास ठेवा, म्हणजे दव पिशवीवर बसतं, फोनवर नाही. मग चार्जर लावा.

सगळं पूर्वपदावर आलं, तरी टक्के उड्या मारतात?

महिनाभर उन्हामुळे फोन ८० च्या वर कधी गेलाच नाही, तर चिपची बेरीज-वजाबाकी हळूहळू सरकत जाते. पूर्ण भरल्याची खूण तिला मिळालेलीच नसते. अशा वेळी गार रात्री एकदा १५ टक्क्यांपर्यंत वापरून फोन पूर्ण १०० करा, १०० झाल्यावरही तासभर जोडून ठेवा आणि मग नेहमीसारखा वापरा. दोन-तीनदा केलं की आकडा बराचसा जाग्यावर येतो. दर आठवड्याला हे करायची गरज नाही. बॅटरी वारंवार शून्यावर नेणं तिच्या आयुष्यासाठी वाईटच.

त्यानंतरही पंख्याखाली, २५ अंशांच्या आसपास, फोन २५ वरून सरळ बंद पडत असेल तर रोध कायमचा वाढलेला आहे. ती बॅटरी बदला. मागचं झाकण किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली तर चार्जर तिथल्या तिथे काढा. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी लावू नका, फोन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे द्या.

नवी बॅटरी बसवली की दुकानातून निघायच्या आधी तापमानाचं वाचन एकदा बघा. काही स्वस्त बॅटऱ्यांत खऱ्या सेन्सरच्या जागी नुसता ठराविक मूल्याचा रेझिस्टर टाकलेला असतो, आणि मग फोन कितीही तापला तरी त्याला २५ अंशच दिसतात. तपासायला फार काही लागत नाही. फोन दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर ठेवा. हाताला गरम लागतोय आणि आकडा जाग्यावरून हलत नाही, तर ती बॅटरी परत करा. याच्या उलट, रात्रभर बंद पडून असलेला फोन सकाळी उणे तापमान किंवा ५० अंश दाखवत असेल, तर सेन्सरची पट्टी नीट बसलेली नाही. असा फोन चार्जच घेणार नाही, आणि त्यात नव्या बॅटरीचा काही दोष नसतो. तीच पट्टी पुन्हा बसवून घ्या.